प्रतिसाद: भावाला सांगायचं का?

"पेशंट म्हणाला भावाला सोडत नाही. भावाला कळवलं तर गोपनीयता मोडते ना?"

आधी नीट विचारा. समजा अक्कलकोट रोड एमआयडीसीतला लूम कामगार आहे, मोहोळच्या शेतीवरून भावावर खवळलेला. नुसतं 'बघतोच त्याला' आपल्याकडं रोजचंच हो, पण कधी, कशानं विचारल्यावर 'सोमवारी मोजणीला येतोय, कोयता डिकीत ठेवलाय' म्हणाला की विषय गंभीर. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ चं कलम २३ दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून माहिती द्यायची मुभा देतं, पण लागेल तेवढीच. म्हणजे भावाला धोका आणि सोमवार सांगा, निदान किंवा दारूचं नाही. फोन उचलत नसेल तर पोलीस ठाणं. पेशंट निकषात बसला तर कलम ८९ खाली भरती, आणि कुणाला काय सांगितलं ते केसपेपरवर वेळ टाकून तेव्हाच लिहा.