सकाळी जिभेवर पांढरा थर: तुमच्याकडे कारण काय निघालं?

निशिगंध: थंडी सुरू झाल्यापासून रोज सकाळी जीभ पांढरी दिसते. दुखत नाही, पण तोंड चिकट असतं आणि वास येतो. घासली की बरीच स्वच्छ होते, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. कुणाला कोरडेपणा सांगितला जातो, कुणाला अस्वच्छता, कुणाला बुरशी. तुमच्या बाबतीत काय होतं आणि ते कसं कळलं, ते लिहा.

सह्यगिरी: पोट साफ नसलं की जीभ पांढरी, हे आमच्या घरात ठरलेलं. मी त्रिफळा सुरू केला, रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं, पाणी वाढवलं. थर निम्म्याने कमी झाला. त्रिफळा घेऊन बघा.

दंतकथा: मी दंतवैद्य आहे, नाशिकला. सह्यगिरी, तुमचा फरक बहुधा पाण्याने पडला असावा. जिभेवर बारीक उंचवटे असतात, त्यांत मेलेल्या पेशी, जंतू आणि अन्नाचे कण अडकतात. दिवसा चावताना, बोलताना जीभ घासली जाते आणि लाळ ते धुऊन नेते. झोपेत लाळ अगदी कमी होते, त्यात तोंड उघडं राहिलं तर थर वाळून बसतो. तापात किंवा उपासात जीभ पांढरी होते, त्यामागेही चावणं आणि पाणी कमी होणं असतं.

ओल्या गॉजने हलकेच पुसून बघा. थर निघाला आणि खाली गुलाबी जीभ दिसली, तर बहुतेक वेळा साधा थर. पांढरे कण निघून खाली लालभडक, हुळहुळी जागा राहिली, तर बुरशीचा संशय. निघतच नाही असा चट्टा दाखवायलाच हवा. पण एवढ्यावर निदान होत नाही. न पुसली जाणारी बुरशीही असते, आणि कवळीखालची तर नुसती लाल असते.

मावळता_वारा: लाल असते हे अगदी खरं. आईला दमा आहे, बुडेसोनाइड हे स्टिरॉइड असलेला पंप रोज दोन वेळा. वरची कवळी ती रात्रीही काढत नसे. पावसाळ्यात छातीत कफ झाला म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि नंतर जिभेवर, गालांच्या आत दह्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. आमटीसुद्धा झोंबते म्हणून ती दूधभातावर आली.

डॉक्टरांनी आधी कवळी काढायला लावली. टाळूवर कवळीच्याच आकाराचा लाल भाग होता. रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. क्लोट्रिमाझोलचा माउथ पेंट दिला: जेवण झाल्यावर, कवळी काढून लावायचा आणि नंतर थोडा वेळ पाणीसुद्धा नाही. ठिपके आठवड्यात गेले, पण काही दिवसांत परत आले, कारण कवळीवर बुरशी तशीच होती. मग कवळी रोज ब्रशने घासून रात्री द्रावणात बुडवून ठेवायला सांगितलं. औषध तोंडात कमी साचावं म्हणून पंपाला स्पेसरची नळी लावली आणि प्रत्येक वेळी चूळ भरून थुंकायची सवय लावली. पंप मात्र एक दिवसही बंद केला नाही. त्यानंतर परत झालं नाही.

पिंपळपान: माझं बाळ दोन महिन्यांचं आहे, जीभ कायम पांढरी. मधाचं बोट लावू का?

दंतकथा: ताई, एक वर्षाच्या आत मध अजिबात नको. फक्त जिभेवर असेल तर बहुधा दूध. ओठांच्या आत, गालांवरही असेल आणि पुसून जात नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि तुमची स्तनाग्रं दुखतात का तेही सांगा.

मस्कतकर: इथे रात्रभर एसी, त्यात नाक बंद आणि सर्दीसाठी सेट्रिझिन. औषधाच्या दुकानातून माउथ पेंट आणला, काहीच फरक नाही. नाकाचा इलाज झाला, तोंड मिटून झोपू लागलो, रोज टंग क्लीनर मागून पुढे हलक्या हाताने फिरवू लागलो, तेव्हा थर कमी झाला. अगदी मागे थोडा अजून असतोच.

दंतकथा: बुरशी नसेल तर पेंटने काय होणार? मागचा थोडा थर चालतो, तो काढायला जीभ खरवडू नका.

कृष्णाकाठ: आत्या मिश्री लावायची. जिभेच्या कडेला पांढरा चट्टा, पुसला जात नव्हता, दुखतही नव्हता. तुकडा तपासायला पाठवला आहे, रिपोर्ट यायचा आहे.

दंतकथा: बरं केलंत. असा चट्टा दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर दुखायची वाट बघू नये. मिश्री आजच बंद करायला सांगा.

निशिगंध: पुसून बघितलं, खाली गुलाबी आहे. पण मायग्रेनसाठी रात्री अमिट्रिप्टिलीन घेते, त्याने तोंड कोरडं पडतं का?

दंतकथा: पडतं. मनाने बंद करू नका, ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा. घोरता का?

निशिगंध: घरचे म्हणतात, हो. गोळी थंडीच्या बरीच आधीपासून चालू आहे, म्हणून नक्की कशाने ते कळत नाही. शनिवारी दोन्ही विचारते.