वाचनकट्टा ग्रुप : रविवारच्या भागाबद्दल चर्चा

रेवती (ए-६०२): सर्वांना नमस्कार. आपल्या वाचनकट्ट्याच्या यूट्यूब वाहिनीवर रविवारी जो रहस्यकादंबरीचा भाग आला, त्याबद्दल एक तक्रार नोंदवते. मी ती कादंबरी ग्रंथालयातून आणून अर्धी वाचली होती आणि भाग उघडण्याआधीच, थंबनेलवरच्या ‘खुनी घरातलाच निघाला!’ या ओळीने माझी उरलेली दीडशे पाने वाया गेली. व्हिडिओत कितीही सावधगिरीची सूचना दिली, तरी थंबनेल आणि शीर्षक पाहायचे की नाही हे प्रेक्षकाच्या हातात नसते.

वसुधाताई (ए-२०३): रेवती, चूक माझी आहे आणि थंबनेल आत्ताच बदलते. मात्र मला खरोखर विचारायचे आहे की परीक्षणात कथानक सांगायचे तरी कुठपर्यंत? काहीच सांगितले नाही, तर ‘भाषा ओघवती आहे, जरूर वाचा’ एवढेच उरते, आणि असे परीक्षण पुस्तक न वाचताही करता येते.

अनंतकाका (बी-५०१): मी प्रकाशन व्यवसायात संपादक म्हणून बरीच वर्षे काढली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मलपृष्ठावरच्या मजकुरात प्रकाशकाने जेवढे उघड केले आहे, तेवढे निर्धास्त सांगावे, कारण वाचक दुकानात उभ्या उभ्या तेच वाचतो. त्यापुढचे सांगताना पुस्तकाची जात पाहावी. चरित्रात नायकाचा मृत्यू सांगितल्याने कुणाचे काही बिघडत नाही, रहस्यकथेत मात्र कोणत्या पात्रावर संशय घेऊ नये, एवढे सुचवले तरी खेळ संपतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘शेवटी जबरदस्त धक्का आहे’ हे वाक्यसुद्धा रहस्यभेदच आहे, कारण ते ऐकलेला वाचक पहिल्या पानापासून धक्क्याची वाट पाहत बसतो. ज्यांना शेवटाची चर्चा करायची आहे, त्यांच्यासाठी ती भागाच्या अखेरीस स्वतंत्र ठेवावी.

मंदार (सी-१०४): संकलन माझ्याकडे असल्याने आकडे देतो. भाग १४ मिनिटे २० सेकंदांचा आहे. पहिली १ मिनिट ३५ सेकंदे नमस्कार, स्वागत आणि लेखकाचा परिचय यांत गेली, मग ४:५० पर्यंत कथानक आले आणि तिथून ८:०५ पर्यंत ताईंनी सलग उतारा वाचला. प्रेक्षक कुठे निघून जातात हे दाखवणारा आलेख सुरुवातीला थोडा उतरतो आणि पुढे बराच वेळ सपाट राहतो. ४:५० नंतर मात्र तो घसरगुंडीसारखा खाली जातो. ताईंचे वाचन उत्तम आहे, पण परीक्षणासाठी आलेल्या माणसाला सव्वातीन मिनिटे मत ऐकायला मिळाले नाही.

अनंतकाका (बी-५०१): नेमक्या त्या सव्वातीन मिनिटांची मला दुसऱ्या कारणानेही काळजी वाटते. ताई मिनिटाला साधारण १२० शब्द वाचतात, म्हणजे जवळपास ३९० शब्द वाचले गेले आणि त्यांवर भाष्य एका वाक्याचे झाले. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका किंवा परीक्षणासाठी कृतीचा रास्त वापर करण्याची मुभा आहे, पण तो वापर परीक्षणाच्या कामी येत असला पाहिजे. इतके शब्द चालतात किंवा तीस सेकंद चालतात, असा कोणताही आकडा कायद्यात नाही, त्या ऐकीव गोष्टी आहेत. कादंबरीतल्या दहा ओळी घेऊन त्यांतल्या संवादाची ढब उलगडून दाखवली, तर ते परीक्षण झाले. पाने सलग वाचून ‘किती सुंदर!’ म्हटले, तर ते अभिवाचन झाले आणि त्याला लेखकाची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी हवी. कवितेच्या बाबतीत अधिकच जपावे, कारण बारा ओळींची कविता पूर्ण वाचली की अख्खी कृतीच वापरली जाते.

वसुधाताई (ए-२०३): पण आपण वाहिनीवर एक रुपयाही कमावत नाही आणि लेखकाचे नाव आदराने घेतो. तेवढे पुरत नाही का?

अनंतकाका (बी-५०१): नाव घेणे आवश्यकच आहे, परंतु श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. पैसे न घेणे ही आपली जमेची बाजू ठरू शकते, तेवढ्यावर सुटका होईलच असे मात्र नाही.

रेवती (ए-६०२): साने गुरुजींच्या पुस्तकावर भाग करायचे ठरले होते, तिथेही हे सारे लागू होईल का?

अनंतकाका (बी-५०१): गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे मोजतात, त्यामुळे हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनाचा प्रताधिकार ३१ डिसेंबर २०१० रोजी संपला आणि ते हवे तेवढे वाचता येईल. आपल्या हातातल्या नव्या आवृत्तीचे मुखपृष्ठ, आतली चित्रे आणि एखाद्याची अलीकडची प्रस्तावना यांना मात्र ही मोकळीक नाही, त्यांचे हक्क वेगळे असतात.

मंदार (सी-१०४): मुखपृष्ठाचे काय करू? मी दुकानाच्या संकेतस्थळावरून चित्र उतरवून ते चाळीस सेकंद पडदाभर ठेवतो.

अनंतकाका (बी-५०१): ते थांबवा. पुस्तक हातात धरून पाच-सहा सेकंद दाखवा, शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि मुखपृष्ठकार ही चारही नावे बोला. मुखपृष्ठकाराचे नाव बहुतेकदा आतल्या श्रेयपानावर असते आणि ते घ्यायला जवळजवळ सगळेच विसरतात. आपण स्वतः फोटो काढला म्हणून त्यातले चित्र आपले होत नाही, पण ज्या पुस्तकाबद्दल बोलतो आहोत ते ओळखू यावे म्हणून मुखपृष्ठ दाखवणे परीक्षणाच्या चौकटीत बसते. अडचण येते ती शीर्षक कापून नुसते चित्र वाहिनीच्या बॅनरवर किंवा दिवाळी कार्यक्रमाच्या फलकावर सजावटीसाठी लावले की. मागे आपण तेच केले होते, याची आठवण करून देतो.

मंदार (सी-१०४): तो बॅनर आज काढतो. ९० दिवसांत प्रताधिकाराचे तीन स्ट्राइक आले तर यूट्यूब वाहिनीच बंद करू शकते, त्यामुळे ‘तक्रार आली तर बघू’ हे धोरण महागात पडेल. पुढच्या भागासाठी हा आराखडा सुचवतो, वेळा वर्णनात इंग्रजी अंकांत टाकेन :

```
0:00 एकच प्रश्न
0:20 कादंबरीची ओळख
1:20 भाषा आणि दोन उतारे
4:30 कुणी वाचावी, कुणी नाही
6:00 वाचून झालेल्यांसाठी
```

पहिली नोंद 0:00 चीच हवी, निदान तीन नोंदी हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान दहा सेकंदांचे असावे लागते, नाहीतर पट्टीवर प्रकरणे दिसत नाहीत. एकेक उतारा पन्नास शब्दांचा, म्हणजे पंचवीस सेकंदांचा, आणि प्रत्येकामागून मिनिटभर भाष्य असे धरले आहे. लेखकाचा परिचय ओळखीतच दोन वाक्यांत बसवू.

रेवती (ए-६०२): 6:00 ला ताईंनी थांबून ‘पुस्तक वाचले नसेल तर इथे निरोप घ्या’ असे स्पष्ट म्हणावे. त्याआधी पडद्यावर शेवटच्या प्रकरणातले काहीही लिहून दाखवू नये, आणि प्रतिक्रियांमध्ये कुणी खुन्याचे नाव लिहिले तर ती प्रतिक्रिया तातडीने काढावी. ते काम मी घेते.

वसुधाताई (ए-२०३): मान्य आहे. मला सलग वाचायला आवडते, त्यामुळे पन्नास शब्दांवर थांबणे जड जाईल. म्हणून एक विनंती आहे. काका, त्या लेखिकेच्या प्रकाशकांना एका पूर्ण कथेच्या अभिवाचनाची परवानगी मागणारा मेल तुम्ही लिहाल का? कथा कोणती, किती मिनिटे, कोणत्या वाहिनीवर आणि किती काळ राहणार, हे मी कळवते.

अनंतकाका (बी-५०१): आज रात्री मसुदा पाठवतो. उत्तर लेखी येईपर्यंत ध्वनिमुद्रण मात्र करू नका.

मंदार (सी-१०४): तोपर्यंत जुन्या भागातली सव्वातीन मिनिटे कापून दहा ओळी ठेवतो. ताई, कोणत्या दहा ठेवायच्या आणि त्यांवर काय बोलणार, तेवढे शनिवारपर्यंत सांगा.

वसुधाताई (ए-२०३): विहिरीपाशी दोघी जावा एकमेकींकडे न बघता बोलतात, त्या ओळी ठेव. दोघींपैकी एकही वाक्य पूर्ण करत नाही, त्यावर मला पुष्कळ बोलायचे आहे आणि तिथे खुन्याचा पत्ताही लागत नाही.