किलोमागे 10 ग्रॅम: पोटाला विचारलंय का?

मूळ पोस्ट, ठाणेकर_धावक: मुंबई फुल मॅरेथॉनच्या आधीचे दोन दिवस रोज वजनाच्या किलोमागे 10 ते 12 ग्रॅम कार्ब्ज. एलिट असो की पाच तासांत पोचणारा, आकडा एकच. एवढं जमत नसेल तर पस्तिसाव्या किलोमीटरला पाय संपले म्हणून रडू नका.

पहाटवारा: राहवलं नाही म्हणून लिहितोय. आकडा पुस्तकातला आहे, पण तो ताटात मांडून बघा. 68 किलोचा माणूस, 10 ग्रॅमने 680. दिवसभरात 300 ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात म्हणजे साधारण 235. सकाळी 80 ग्रॅम कोरडे पोहे, त्यातून 60. तीन केळी 75, दोन मध्यम बटाटे 50, चार-चार चमचे साखरेची तीन ग्लास कोकम सरबतं 60. झाले 480, म्हणजे किलोमागे 7. उरलेल्या 200 साठी आणखी पाव किलो तांदूळ शिजवायचा. ऑफिस सांभाळून, एक्स्पोच्या रांगेत उभं राहून हे दोन दिवस कोण खातं? लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंवर एक अभ्यास झाला होता. आदल्या दिवशी 7 ग्रॅमच्या वर गेलेले जास्त वेगात धावले. हौशी माणसाने आधी 7-8 नीट गाठावेत.

ठाणेकर_धावक: हळू पळणाऱ्याला 42 किलोमीटर कमी पडतात का? किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी धरा, 68 किलोला 2850 च्या आसपास. तीन तासांत जाळा नाहीतर पाच तासांत. आणि तुमच्या अभ्यासात जास्त खाणारे मुळातच शिस्तीचे असतील, त्याचं काय?

पहाटवारा: दोन्ही मुद्दे मान्य. पण हळू वेगात त्यातला चरबीचा वाटा वाढतो, म्हणून 7 आणि 10 मधला फरक पाच तासवाल्याला तितका नडत नाही. वाटेत जेल घेतलं नाही तर मात्र नक्की नडतो.

सह्याद्री_७०: आधी तीन दिवस कार्ब्ज पूर्ण बंद करा, मग भरा. स्नायू जास्त शोषतात. आम्ही असंच करायचो.

पहाटवारा: काका, ती साठच्या दशकातली स्वीडिश पद्धत. ती चालत नाही असं नाही. पण 1981 मध्ये शर्मन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सराव कमी करत नेला तर कार्ब्ज बंद न करताही स्नायूंतला कार्ब्जचा साठा जवळपास तितकाच भरतो. ते तीन दिवस चिडचिडीत घालवायची गरज नाही.

डोंबिवलीची_वहिनी: एवढा हिशोब कशाला? साबुदाणा खिचडी खा. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 च्या वर कार्ब्ज, चोथा जवळजवळ नाही.

ठाणेकर_धावक: आणि मूठभर दाण्याचं कूट, वर तूप? चरबीने पोट लवकर भरतं, मग कार्ब्ज आत जायचे कसे?

डोंबिवलीची_वहिनी: कूट कमी घालता येतं! आमच्याकडे सगळे उपवासाला हेच खातात, कुणाचं पोट बिघडलं नाही. तुम्हाला पास्ता चालतो, साबुदाणा नाही?

सह्याद्री_७०: संक्रांत त्याच आठवड्यात असते. मग गुळपोळीही चालेल.

ठाणेकर_धावक: तिळकूट, खसखस, वर तुपाची धार. काका, आदल्या दिवशी ती नको.

डोंबिवलीची_वहिनी: आता सणाचं जेवणही तुमच्या परवानगीने!

पहाटवारा: वहिनी बरोबर आहेत. साबुदाण्याची पातळ, गोड खीर तर उत्तमच. भाकरी आणि उसळ मात्र त्या दिवसापुरती बाजूला ठेवा, चोथा पहाटे पाच वाजता आठवण करून देतो.

पर्वती_पायरी: माझं वजन 54. दहाने 540 ग्रॅम, म्हणजे 2160 कॅलरी नुसत्या कार्ब्जच्या. माझा दिवसाचा सगळा आहारच तेवढा आहे. मागच्या वर्षी हट्टाने खाल्लं आणि पहिल्या दहा किलोमीटरमध्ये दोनदा टॉयलेट शोधलं. या वेळी 8 वर थांबले, तेल-तूप आणि डाळ कमी करून जागा केली. 32 किलोमीटरच्या लाँग रनआधी तेच करून पाहिलं. सकाळी वजन किलोभराने वाढलेलं होतं, पण पोट शांत होतं.

पहाटवारा: किलोभर वाढलं ते पाणी आहे. साठ्यातल्या दर ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणी येतं. हीच खूण हवी होती.

ठाणेकर_धावक: ठीक आहे, तिच्यासाठी 8. पण ज्याचं पोट साथ देतं त्याला 10 पासून अडवू नका. मी दहाच खाणार.

नेरुळ_सकाळ: मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो, हाफ पळतो. मलाही हेच लागू का?

पहाटवारा: नाही. इथला एकही आकडा उचलू नका. डोस आणि खाणं दोन्ही तुमच्या डॉक्टरांसोबत आधी एखाद्या सरावाच्या रविवारी जुळवा. शिवाय हाफसाठी दोन-दोन दिवस भरायची गरज फारशी नसते.

ठाणेकर_धावक: सव्वादोन तास लागणाऱ्याला हाफलाही आदला दिवस हवाच. यावर वेगळा धागा काढतो.