पीएफ आणि ईएसआयसीची नोंदणी पहिल्यांदाच करायचीय, सल्लागाराशिवाय जमेल का?

लघुउद्योजक: पॅकिंगचं छोटं युनिट, मालकी माझ्या एकट्याची. 11 कामगार, प्रत्येकी पगार 14,000. मोठं गिऱ्हाईक पीएफ नंबर मागतंय. हे काम सांभाळायला दरमहा हजाराच्या वर खर्च नको.

जुना_खेळाडू: आमचा सल्लागार महिन्याला 4,000 घेतो, पण डोक्याला ताप नाही. घेऊन टाका.

वैतागलेला: हजार म्हणालेत ते. आणि 20 माणसं होईपर्यंत काहीच लागत नाही, कशाला हात घालता?

हिशेबनीस_ताई: 20 पीएफसाठी. ईएसआयसी 10 वर लागते आणि 21,000 पर्यंत पगार असलेला प्रत्येक जण त्यात येतो. म्हणजे ती यांना चुकत नाही: माणशी मालकाचे 455, कामगाराचे 105. पीएफ मात्र ऐच्छिक, बहुसंख्य कामगारांची संमती हवी. नोंदणी श्रम सुविधा पोर्टलवर दोन्हींची एकत्र होते.

जुना_खेळाडू: पीएफमध्ये एकदा शिरलात की माणसं कमी झाली तरी सुटका नाही. मी तर म्हणतो गिऱ्हाईक बदला.

नवा_भिडू: माझी प्रायव्हेट लिमिटेड आहे, नंबर कंपनीबरोबरच आपोआप आले. तुम्हाला नाही आले?

हिशेबनीस_ताई: ते कंपनीला, यांची मालकी आहे. खरी डोकेदुखी नोंदणी नाही, पीएफचं मासिक विवरणपत्र, म्हणजे ईसीआर. एका कामगाराची एक ओळ, अशी टेक्स्ट फाइल:

```
100000000001#~#MEMBER NAME#~#14000#~#14000#~#14000#~#14000#~#1680#~#1166#~#514#~#0#~#0
```

पहिला आकडा यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक. नावानंतर एकूण पगार, मग पीएफ, पेन्शन आणि विम्याचे पगार. 1680 कामगाराचे. मालकाच्या 1680 पैकी 1166 पेन्शनला, 514 पीएफला. शेवटून दुसरं शून्य म्हणजे बिनपगारी दिवस. फाइल चढवून तपासायची, मंजूर केली की चलन निघतं. 15 तारखेच्या आत भरा. उशीर झाला की वर्षाला 12 टक्के व्याज, शिवाय दंड वेगळा.

वैतागलेला: माझी फाइल दर वेळी परत यायची. पोर्टलच भिकार.

हिशेबनीस_ताई: यूएएनला आधार जोडलेलं होतं का? नसेल तर पोर्टल ती ओळ घेतच नाही. आणि कामगार आधी कुठे पीएफमध्ये असेल तर जुनाच यूएएन घाला, नवा काढलात तर पुढे पैसे काढताना तो अडकतो.

नवा_भिडू: मग मालकाला फक्त 12 टक्केच ना?

हिशेबनीस_ताई: नाही, वर विमा अर्धा टक्का आणि प्रशासन खर्च अर्धा टक्का. तो खर्च किमान 500, यांचा 770 होईल.

जुना_खेळाडू: म्हणूनच सांगतो, सल्लागार.

वैतागलेला: 21,000 वर गेला की ईएसआयसीतून काढा लगेच.

हिशेबनीस_ताई: लगेच नाही. एप्रिल-सप्टेंबर, ऑक्टोबर-मार्च असे सहामाही काळ आहेत. चालू काळ संपेपर्यंत कापायचंच.

लघुउद्योजक: दोन्ही काढतोय, पीएफसुद्धा. गिऱ्हाईक सोडवत नाही. संमतीवर आठ सह्या झाल्यात, उरलेले तिघे हातात कमी पगार येईल म्हणून कुरकुरतायत. फाइल मीच भरणार. दोघांचे जुने यूएएन हरवलेत, ते कसे शोधायचे?

जुना_खेळाडू: सल्लागाराला विचारा.