कॅटलॉगच्या मसुद्यात ‘अ‍ॅट्रिब्युटेड टू’चं ‘सर्कल ऑफ’ झालं, मदत हवी आहे

आमच्या देवरुखच्या घरातलं एक तैलचित्र मुंबईच्या लिलावाला द्यायचं ठरतंय. उजव्या कोपऱ्यात ‘एम. व्ही. धुरंधर’ अशी सही आहे. फोटो पाहून लिलावघराने आधी ‘अ‍ॅट्रिब्युटेड टू’ म्हटलं, म्हणजे बहुधा धुरंधरांचंच. प्रत्यक्ष पाहिल्यावर मसुद्यात ‘सर्कल ऑफ’ आलं, म्हणजे त्यांच्या काळातलं, त्यांचा प्रभाव असलेलं, पण हात दुसऱ्याचा. शिवाय सहीपुढे ‘साइन्ड’ नाही, ‘बेअर्स सिग्नेचर’ लिहिलंय. म्हणजे सही आहे, पण ती धुरंधरांनीच केली असं लिलावघर म्हणत नाही.

कॅटलॉगमागची शब्दसूची वाचून झाली. ‘आफ्टर’ म्हणजे मूळ चित्राची कधीही केलेली नक्कल, त्यामुळे तो प्रश्न नाही. याचं मूळ कुठे सापडलेलं नाही.

मग भिंगातून सही पाहिली. ‘डी’चा लाल रंग जुन्या तड्यांत उतरलाय. रंगाला तडे गेल्यावर कुणीतरी सही घातली असावी. हे मीच त्यांना कळवलं. (चुकलंच म्हणा!)

खरेदीची पावती नाही. आजोबांसोबतचा एक जुना फोटो आहे, त्यात चित्र दिसतं, सहीचा कोपरा मात्र खुर्चीआड. कॅनव्हासची मागची बाजू अजून कुणी उघडलेली नाही.

सही नंतरची निघाली तरी चित्र धुरंधरांचं असू शकतं ना? मग ‘अ‍ॅट्रिब्युटेड टू’ परत मिळवायला करारावर सही करण्याआधी नेमकं काय तपासून घ्यावं?