उ. : कोरड्या डबक्यात जीव येतात कुठून?

> बेडूक येतात ते समजलं, पण ते पारदर्शक पोहणारे किडे कोरड्या मातीत येतात कुठून?

ते फेअरी श्रिंप असावेत, कोळंबीचे दूरचे भाऊबंद. त्यांची अंडी तळच्या मातीत वर्षानुवर्षं कोरडी तग धरून असतात. विशेष म्हणजे पाणी लागलं तरी सगळी एकदम फुटत नाहीत. आमच्या इंदूरला कधी जूनमध्ये एक सर येते आणि मग आठवडाभर उघडीप. डबकं आटतं, फुटलेली पिल्लं अंडी घालण्याआधीच मरतात, कारण वयात यायला त्यांना साधारण दोन आठवडे लागतात. न फुटलेली अंडी पुढच्या पावसाला कामी येतात.

मे महिन्यात तळची मूठभर माती पांढऱ्या टबात घेऊन साठवलेलं पावसाचं पाणी घाला. अंडी असतील तर दोन-तीन दिवसांत ठिपके हलू लागतात. मोठे झाले की उताणेच पोहतात. डबकं खोल करून त्यात मासे मात्र सोडू नका, ते यांना फस्त करतात.