मदत हवी आहे : महागाईचा दर घटला म्हणजे किमती उतरल्या असे नाही, हे पडद्यावर कसे दाखवावे?

अर्थशास्त्राची तोंडओळख नसलेल्या प्रेक्षकांसाठी मी दीड मिनिटाची चित्रफीत तयार करत आहे. दर ८, ५ आणि ३ टक्के असा उतरत गेला, तरी १०० वर असलेला किंमत निर्देशांक १०८, ११३.४ आणि सुमारे ११६.८ असा चढतच जातो, एवढेच मला त्यात सांगायचे आहे.

प्रथम मी मोटारीची उपमा घेतली: वेग कमी झाला तरी गाडी पुढेच जाते. ती ऐकताना पटते. परंतु त्याच वेळी पडद्यावर दराची रेषा खाली येत असल्यामुळे चाचणीतील बहुतेक प्रेक्षकांनी ‘स्वस्ताई आली’ असाच अर्थ काढला. दर आणि निर्देशांक यांचे आलेख एकाखाली एक ठेवूनही पाहिले, पण मोबाइलच्या उभ्या पडद्यावर नजर वरच्याच आलेखावर थांबते.

आता दराची रेषा काढून टाकून केवळ लहान होत जाणाऱ्या पायऱ्यांचा जिना दाखवण्याचा विचार आहे. त्यात किमती खरोखर घटल्यास खाली उतरणारी पायरीही दाखवता येते. अडचण चक्रवाढीची आहे: तिसरी पायरी ३.४ अंकांनी चढते आणि तिच्यावर ‘३ टक्के’ असे लिहावे लागते. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे निवेदनातून खुलासा करण्याची सोय नाही.

अशा वेळी पायरीवर टक्के लिहावेत, निर्देशांकातील वाढ लिहावी, की आकडे गाळून फक्त उंचीच बोलू द्यावी?